वाकड्या डायलचा सरळ हिशेब

कापसाचा हंगाम सुरू झाला की अमळनेरच्या लेथवर जिनिंगची कामं येऊ लागतात. रोलरची शाफ्ट, घासलेल्या पुल्या, गिअरबॉक्सची कव्हरं. मशीन बंद पडलेलं, बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आणि मालकाचा माणूस टर्नरच्या डोक्याशी येऊन बसलेला, असं हे काम असतं. या प्रकरणासाठी आपण अशाच एका कामाची कल्पना करू. गिअरबॉक्सला बेअरिंगचं नवं कव्हर करायचं आहे. बेअरिंगची बाहेरची रिंग हाऊसिंगच्या तोंडापासून किंचित आत बसते. तेवढी जागा भरून रिंग जागच्या जागी धरून ठेवायला कव्हरच्या आतल्या तोंडावर एक उंच कडी ठेवलेली असते. ड्रॉइंगवर त्या कडीची उंची ०.५० मिलिमीटर दिली आहे, दोन्ही बाजूंना ०.०२ ची सूट. कडी फार उंच झाली तर कव्हर टेकत नाही आणि बोल्ट आवळले की बेअरिंगवर भार येतो. ती कमी पडली तर रिंग पुढेमागे सरकत राहते.

टर्नरने कव्हर उतरवलं आणि पाठ खाली करून सरफेस प्लेटवर ठेवलं. शेजारी स्टँड, त्यात लिव्हर डायल, ज्याला कारखान्यात सगळे ‘पपी’ म्हणतात. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. डायलचं टोक आधी खालच्या चपट्या भागावर टेकवलं तेव्हा काटा शून्याच्या डावीकडे २७ घरांवर होता. स्टँड सरकवून टोक कडीवर नेलं, काटा उजवीकडे २७ घरांवर गेला. म्हणजे एकूण ५४ घरं, ०.५४ मिलिमीटर. सूट मोजून कडी ०.५२ पर्यंत चालली असती. ही त्याहून उंच, म्हणजे जॉब नापास.

टर्नरने जे केलं ते कोणीही केलं असतं. जॉब पुन्हा चकात धरला, कडीवरून चार घरांचा हलका कट मारला आणि पुन्हा त्याच डायलखाली आणला. आता काट्याने ०.५० ला एखाद्या अर्ध्या घराचा फरक दाखवला. जॉब पास झाला, आणि नेमका याच वेळी तो बिघडला. पहिल्या वेळी कडी बरोबर ०.५० होती. आता ती ०.४६ आहे, आणि डायल तिला ०.५० म्हणतो आहे. मोजमापातल्या या चुकीचं हेच वाईट असतं. ज्या डायलने चुकवलं त्यालाच पुन्हा विचारलं, तर तो आपल्या आधीच्या उत्तराशी इमान राखूनच बोलतो.

डायल बिघडलेला नव्हता. तो नुकताच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आलेला असता तरी हेच झालं असतं. कव्हरच्या मध्यावर एक उंच भाग होता आणि डायलचं अंग त्याला अडत होतं. म्हणून टर्नरने डायल थोडा वर घेऊन त्याची दांडी खाली झुकवली होती. दांडी पृष्ठभागाशी समांतर असायला हवी, ती साधारण २२ अंशांनी तिरपी होती. तेवढ्याने अर्ध्या मिलिमीटरवर चार घरं वाढली. अशा वेळी खान्देशातला जुना टर्नर पोराला एवढंच म्हणेल, “काटा बरोबर शे रे, तू डायल वाकडा लायेल शे.”

आता हे नेमकं का होतं ते पाहू. लिव्हर डायलच्या पोटात एक बारीक कीलक असते, तिच्याभोवती दांडी फिरते. दांडीच्या टोकाला कार्बाइडची किंवा पोलादाची छोटी गोळी असते. गोळी वर-खाली झाली की दांडी कीलकेभोवती किंचित वळते, आत दात्यांची चाकं ते वळणं कित्येक पटींनी वाढवून काट्यापर्यंत पोचवतात. इथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट एकच आहे: गोळी किती उचलली गेली हे डायलला समजत नाही, त्याला फक्त दांडी किती वळली एवढंच समजतं. तबकडीवर मिलिमीटरची घरं आखताना बनवणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते. दांडी पृष्ठभागाशी समांतर आहे आणि कीलकेपासून गोळीपर्यंतचं आडवं अंतर दांडीच्या पूर्ण लांबीइतकं आहे.

दांडी झुकली की तिची लांबी तीच राहते, पण आडवं अंतर कमी होतं. भिंतीला टेकवलेल्या शिडीची सावली सूर्य डोक्यावर असताना शिडीहून आखूड पडते, आणि शिडी जितकी उभी तितकी ती सावली आखूड, तसंच हे आहे. सावलीचं शिडीशी जे प्रमाण, त्याला गणितात त्या कोनाचा कोसाइन म्हणतात. आडवं अंतर कमी झालं की तेवढ्याच उंचीसाठी दांडीला जास्त वळावं लागतं. काटा जास्त पळतो आणि आकडा फुगतो.

आपल्या कव्हरवर हे आकडे घालून पाहू. दांडी कीलकेपासून गोळीच्या मध्यापर्यंत २० मिलिमीटर धरा. २२ अंशांचा कोसाइन ०.९२७, म्हणून आडवं अंतर १८.५४ मिलिमीटर उरतं. गोळी अर्धा मिलिमीटर उचलली गेली तर दांडी ०.५० भागिले १८.५४ एवढी वळेल. डायल त्या वळण्याला २० ने गुणून तबकडीवर दाखवतो, कारण त्याच्या लेखी अंतर अजून २० च आहे. उत्तर येतं ०.५३९, म्हणजे काट्यावर ५४ घरं. दांडीची लांबी २० ऐवजी १५ धरली असती तरी उत्तर हेच आलं असतं, कारण हिशेबात लांबी कटून जाते आणि कोन तेवढा उरतो. म्हणून दुरुस्तीचं सूत्र एका ओळीत मावतं:

खरी उंची = काट्यावरचा आकडा × कोनाचा कोसाइन

०.५४ ला ०.९२७ ने गुणलं की ०.५० येतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा कोसाइन काढणाऱ्यांनी एक खोडी सांभाळायची. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर लागलेला असेल तर २२ चा कोसाइन जवळजवळ उणे १ येतो. घाईत उणे चिन्हाकडे दुर्लक्ष झालं तर गुणक १ आहे, म्हणजे दुरुस्तीची गरजच नाही, असं वाटून माणूस पुढे जाईल.

कोन आणि चूक यांचं नातं सरळ चढत नाही, आणि या विषयातला बराचसा व्यवहार त्यावरच ठरतो. १० अंशांवर गुणक ०.९८५ आहे, म्हणजे शंभर घरांत दीड घराची चूक. १५ अंशांवर तो ०.९६६ होतो, २० वर ०.९४०, ३० वर ०.८६६, ४५ वर ०.७०७ आणि ६० वर बरोबर अर्धा. सुरुवातीला चूक हळूहळू वाढते आणि मग उडी घेते. यात एक दुसरी अडचण दडलेली असते. दांडीचा कोन आपण कोनमापकाने मोजत नाही, डोळ्यांनी अंदाज करतो, आणि त्या अंदाजात पाच अंश इकडेतिकडे सहज होतात. १० अंशांच्या जागी ५ किंवा १५ अंश असले तर गुणक ०.९९६ ते ०.९६६ या टप्प्यात राहतो, फार बिघडत नाही. ४५ च्या जागी ४० किंवा ५० असले तर तो ०.७६६ ते ०.६४३ इतका हलतो, आणि अशा गुणकाने केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ अंदाज. माझं मत असं की, दहा-बारा अंशांपर्यंत बारीक आकडे वाचताना कोन विसरला तरी चालेल. तीसपर्यंत दुरुस्ती करावी. त्यापुढे गुणत बसू नये, स्टँड सोडून डायल पुन्हा बांधावा.

कोन पाहताना एक गल्लत हमखास होते. लोक डायलच्या अंगाचा तिरपेपणा बघतात. वास्तविक अंगाचा इथे काही संबंध नाही. लिव्हर डायलची दांडी घर्षणाच्या पकडीवर बसवलेली असते, ती बोटाने दाबून दोन्ही बाजूंना बरीच फिरवता येते. त्यामुळे अंग ३० अंश तिरपं ठेवूनही दांडी पृष्ठभागाशी समांतर करता येते आणि चूक शून्यावर येते. उलट अंग अगदी सरळ असून दांडी खाली झुकलेली असेल तर चूक पूर्ण आहे. कीलक आणि गोळीचा मध्य यांना जोडणारी रेषा डोळ्यांपुढे आणायची आणि तिचा पृष्ठभागाशी कोन पाहायचा. आपल्या टर्नरलाही अंग तिरपं ठेवून दांडी पृष्ठभागाशी समांतर वळवून पाहता आली असती. मधला उंच भाग आड येत असेल तर फार तर स्टँडचा हात फिरवून दुसऱ्या बाजूने यावं लागलं असतं, इतकंच.

कोनाच्या नादी न लागताही ही दुरुस्ती होते, आणि खरं तर तीच पद्धत जास्त भरवशाची आहे. ज्या उंचीचा फरक आपल्याला पक्का ठाऊक आहे असा टप्पा त्याच तिरप्या डायलला दाखवायचा आणि तो काय म्हणतो ते लिहून घ्यायचं. असा टप्पा बनवायला स्लिप गेज उत्तम. स्वीडनच्या योहान्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेली ही पोलादी ठोकळ्यांची कल्पना आजही प्रत्येक मापन खोलीत जशीच्या तशी चालते. कव्हरचा चपटा भाग सरफेस प्लेटपासून सुमारे २० मिलिमीटर उंच आहे असं धरू. स्वच्छ पुसलेल्या स्लिप एकमेकींवर घासून, चिकटवून दोन चळती करायच्या, एक २०.०० ची आणि एक २०.५० ची. स्टँडचा कुठलाही स्क्रू न सोडता, दांडीला बोट न लावता, स्टँड नुसता सरकवून टोक आधी एका चळतीवर आणि मग दुसरीवर न्यायचं. काट्याने ५४ घरांचा फरक दाखवला की गुणक मिळाला: ०.५० भागिले ०.५४, म्हणजे ०.९२६. कोन २२ होता की २३, याची चौकशी करायची गरज उरत नाही.

इथपर्यंत आल्यावर एक पाऊल पुढे टाकायला हरकत नाही, कारण मग गुणकही लागत नाही. चळत आणि जॉब यांची थेट तुलना करायची. कडी आणि २०.५० ची चळत यांच्यातला फरक वाचायचा, चपटा भाग आणि २०.०० ची चळत यांच्यातला फरक वाचायचा. हे दोन्ही फरक दोन-चार घरांचेच असतील. तिरप्या दांडीने त्यांत सात-आठ टक्के वाढ केली तरी ती एका घराचा तिसरा-चौथा हिस्सा होईल, काट्यावर दिसणारही नाही. कोसाइनची चूक आकड्याच्या प्रमाणात वाढते, म्हणून आकडा लहान ठेवला की चूकही लहान राहते.

स्लिप गेजची पेटी प्रत्येक लेथवर नसते. अशा वेळी फिलर गेजची ०.५० ची पात सपाट पृष्ठभागावर दाबून बसवून टप्पा करता येतो. पात वाकलेली किंवा तिच्याखाली बारीकसा कण अडकलेला असेल तर एखाद-दोन घरांची फसगत होईल, पण चार घरांची चूक पकडायला ती पुरेशी आहे. आपल्या टर्नरने जॉब पुन्हा चकात धरण्याआधी एवढं केलं असतं तर पात ठेवताच काट्याने ५४ दाखवलं असतं आणि तो थबकला असता.

अर्थात ०.४६ वर आलेलं कव्हर भंगारात टाकायचं कारण नाही. कडीची उंची म्हणजे दोन तोंडांतला फरक. कडी चार घरं खाली गेली असेल तर चपटा भागही चार घरं खाली घ्यायचा, फरक पुन्हा ०.५० होतो. कव्हरची एकूण जाडी ०.०४ ने कमी झाल्याने कोणाचं अडत नाही. जॉब पुन्हा पहिल्यासारखा बरोबर फिरतो आहे ना, हे तोंडावर डायल लावून बघायचं आणि मगच कट घ्यायचा. मोजायला तोच डायल त्याच कोनात वापरणार असाल तर हात थांबवायचा आकडा ०.५४ आहे.

प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र इथे का उपयोगी पडलं नाही, हेही यावरून कळतं. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत लिव्हर डायल तपासताना दांडी पृष्ठभागाला समांतर ठेवून तपासतात, कारण डायल त्याच स्थितीसाठी बनलेला असतो. प्रमाणपत्र डायलपुरतं असतं. आपण स्टँडमध्ये तो कसा बांधला, याची हमी त्यात येत नाही.

मग ज्या वर्कशॉपात डायल रोज तिरपा लागतो तिथे बहुतेक जॉब बरोबर कसे निघतात? कारण डायलचं सगळ्यात नेहमीचं काम उंची मोजण्याचं नसतं, मध्य साधण्याचं असतं. चार जबड्यांच्या चकात जॉब धरून टर्नर चक हाताने फिरवतो. काटा एका बाजूला जास्त गेला की समोरचा जबडा सैल करून हा जबडा आवळतो, पुन्हा फिरवतो. काटा हलायचा थांबला की मध्य साधला. इथे लक्ष्य शून्य आहे, आणि शून्याला कुठल्याही कोसाइनने गुणलं तरी शून्यच येतं. दांडी ६० अंशांनी तिरपी असली तरी अखेरीस जॉब बरोबर मध्यावरच येईल, मधले एक-दोन फेरे थोडे जास्त होतील एवढंच. टेलस्टॉक सरकवून टेपर काढतानाही असंच होतं. पहिल्यांदा सरकवणं थोडं कमी पडतं, कारण काटा खऱ्याहून जास्त पळालेला असतो. पुन्हा तपासलं की उरलेलं निघतं. वर्षानुवर्षं अशा कामांत डायल तिरपा लावून काही बिघडलं नाही, म्हणून हाताला तीच सवय लागते. मग एखाद्या दिवशी शून्य न शोधता सरळ आकडा वाचायची वेळ येते, आणि तेव्हा ती सवय महाग पडते.

दुसरा डायल म्हणजे प्लंजरचा, घड्याळासारखा गोल, खालून सरळ दांडी बाहेर आलेली. ही दांडी वळत नाही, आपल्याच अक्षावर आत-बाहेर सरकते. ती पृष्ठभागाला लंब असायला हवी. लंबापासून ती तिरपी झाली आणि टोकाला गोळी असली, तर सपाट पृष्ठभाग थोडा वर आला तरी दांडीला तिरप्या वाटेने जास्त सरकावं लागतं. सूत्र तेच, गुणकही तेच, फक्त कोन लंबापासून मोजायचा. टोकाला रुंद चपटं बूट असेल आणि जॉब गोलसर असेल, तर मात्र प्रकार उलटा होतो. काटा जास्त न पळता कमी पळतो. त्यामुळे सूत्र लावण्यापूर्वी टोकाकडे एकदा नजर टाकायलाच हवी.

प्लंजर तिरपा लावण्यात कोसाइनआधीच आणखी एक दुखणं सुरू होतं. पृष्ठभाग दांडीला बाजूने ढकलतो, ती आपल्या नळीत घासते आणि मध्येच अडकते. जॉब वर नेताना एक आकडा आणि त्याच जागी खाली येताना दुसरा आकडा दिसायला लागला, तर समजावं की दांडी घासते आहे. ही चूक कुठल्याही गुणकाने सुटत नाही.

प्लंजरचा मोठा उपयोग शाफ्ट वाकली का ते पाहण्यात होतो. विहिरीच्या पंपाची शाफ्ट, जिनिंगच्या रोलरची शाफ्ट, हायड्रॉलिक जॅकचा रॉड. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तूप काढणारी कंपनी म्हणून जी विप्रो सुरू झाली, तिनेही पुढे हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला घेतले, आणि अशा सिलिंडरच्या रॉडची सरळता हा तर त्या धंद्यातला जिव्हाळ्याचा विषय. रॉड दोन टोकांना आधार देऊन हळू फिरवायचा आणि मध्यावर डायल ठेवायचा. एका फेऱ्यात काटा कमीत कमी आणि जास्तीत जास्त कुठे गेला ते पाहायचं. दोन्हींतला फरक हा रनआउट, आणि त्याचा निम्मा हिस्सा म्हणजे मध्यावर रॉड किती वाकला ते.

गोल शाफ्टवर तिच्या लांबीच्या आडव्या दिशेने तिरपेपणाचे दोन प्रकार असतात आणि त्यांपैकी एकच त्रासाचा. डायल शाफ्टच्या डोक्यावर उभा न लावता बाजूने, ४५ अंशांवर लावला, पण त्याची दांडी शाफ्टच्या मध्याकडेच रोखलेली आहे. हा तिरपेपणा नव्हेच. शाफ्ट फिरतेच आहे, वाकलेली बाजू डायलखाली थोडी आधी किंवा थोडी उशिरा येईल, रनआउटचा आकडा तोच राहील. दांडी मध्यावरून न जाता बाजूने गेली, तर मात्र कोन तयार होतो. ६० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टवर ३ मिलिमीटरच्या गोळीचं टोक मध्यरेषेपासून ५ मिलिमीटर सरकलं, तर शाफ्टच्या मध्यापासून गोळीच्या मध्यापर्यंत ३१.५ मिलिमीटर होतात. पाचाला साडेएकतीसने भागून कोन येतो सुमारे ९ अंश. गुणक ०.९८७, चिंता करण्यासारखं नाही. पण २० मिलिमीटरच्या बारीक शाफ्टवर तेच ५ मिलिमीटर सरकणं जवळजवळ २६ अंशांचा कोन करतं आणि रनआउट अकरा टक्क्यांनी फुगतो. बारीक शाफ्टवर डायल नेमका मध्यावर आहे का, हे हाताने टोक मागेपुढे सरकवून पाहावं. काटा जिथे सगळ्यात वर चढतो, तो माथा.

तिसरी शक्यता प्रत्यक्षात जास्त येते. चकाचा जबडा किंवा बेअरिंगचं हाऊसिंग आड येतं म्हणून डायल शाफ्टच्या लांबीच्या दिशेने कलवला जातो. हा कल पूर्ण हिशेबात धरायचा. समजा तो २० अंश आहे आणि काटा ०.८० चा रनआउट दाखवतो. ०.८० गुणिले ०.९४० म्हणजे ०.७५, वाक त्याच्या निम्मा, ०.३८ च्या आसपास. दुरुस्ती न करता प्रेसवाल्याला ०.४० सांगितलं तर फार काही बिघडणार नाही, कारण प्रेसखाली सरळ करताना माणूस पुन्हा पुन्हा दाबून, पुन्हा पुन्हा मोजून शून्याकडेच जातो. पण हीच शाफ्ट घ्यायची की बदलायची हे ०.७५ च्या मर्यादेवर ठरणार असेल, तर ती पाच घरं मोजूनच घ्यायला हवीत.

ही चूक आहे की दुसरीच काही, हे ओळखायचं कसं? तिच्या वागण्यावरून ओळखता येतं. ती नेहमी प्रमाणात असते. ०.१० च्या टप्प्यावर काटा १०.८ घरं दाखवेल, ०.२० वर २१.६, ०.५० वर ५४. प्रत्येक ठिकाणी तेच आठ टक्के. याउलट सगळ्या टप्प्यांवर दोनच घरांचा ठरावीक फरक येत असेल तर दोष स्टँडच्या सैल सांध्यात किंवा डायलच्या आतल्या ढिलाईत शोधावा. दुसरी खूण आणखी सोपी. तोच टप्पा दांडी समांतर करून पुन्हा मोजायचा. आकडा खऱ्यावर आला तर कोसाइन, जागचा हलला नाही तर दुसरं काही.

डायल बनवणाऱ्यांनी यावर एक चतुर उपाय काढला आहे. काही लिव्हर डायलच्या टोकाला गोळीऐवजी पेरूसारखा निमुळता आकार देतात. दांडी झुकली की अशा टोकाचा पृष्ठभागाला लागणारा बिंदू टोकाच्या दिशेने पुढे सरकतो, त्यामुळे कीलकेपासूनचं आडवं अंतर कोन बदलूनही जवळपास तेवढंच राहतं. ठरावीक पट्ट्यापर्यंत चूक आपोआप भरून निघते. काही डायल तर मुळातच थोड्या झुकलेल्या दांडीसाठी आखलेले असतात. इंटरॅपिड या स्विस डायलची दांडी पृष्ठभागाशी १२ अंशांचा कोन करून वापरायची असते. असा डायल समांतर लावला तर तो कमी दाखवतो. म्हणून नवा डायल हाती आला की सोबतचा कागद फेकण्यापूर्वी त्यावर कोनाबद्दल काय लिहिलंय ते वाचावं.

टोकाचा आणखी एक प्रकार कोसाइनच्या वेषात येतो. दांडी तुटते, मूळ टोक लवकर मिळत नाही, आणि कोणीतरी पेटीतलं दुसऱ्या डायलचं टोक काढून बसवतं. आटे जुळतात, डायल चालतो. पण लांबी वेगळी असते. २० मिलिमीटरच्या जागी २४ ची दांडी बसली तर काटा प्रत्येक वेळी सहा भागांतला एक भाग कमी दाखवतो, ०.५० च्या टप्प्याला ०.४२ च्या जवळ. इथे दांडी अगदी समांतर असते, त्यामुळे कोन पाहणाऱ्याला संशय येत नाही आणि कोसाइनचं कोष्टक काहीच सांगत नाही. लांब टोक आणि तिरपी दांडी एकाच वेळी असतील तर एक चूक दुसरीला अंशतः खाऊन टाकते आणि आकडा जवळजवळ बरोबर दिसतो, पुढे कोणी डायल नीट समांतर बांधेपर्यंत. २०.०० आणि २०.५० च्या चळतींचा टप्पा मात्र दोन्ही चुका मिळून जो काही गुणक झाला असेल तो एकदम दाखवून देतो. टोक बदललं त्या दिवशी दांडी समांतर ठेवून हा टप्पा एकदा दाखवायचा आणि आलेला गुणक खडूने स्टँडच्या बुडावर लिहून ठेवायचा.